वॉर्डात रुग्णाने स्वतःला इजा केली : आरसीएमध्ये 'निष्काळजीपणा' न लिहिता मूळ कारण कसं लिहायचं?

शिशिर

मानसोपचार वॉर्डातल्या एका घटनेचा आरसीए, म्हणजे घटनेचं मूळ कारण शोधणारा रिपोर्ट लिहायचा आहे. ओळख पटेल असं सगळं काढलंय, वेळाही सरकवल्या आहेत.

१८ खाटांचा वॉर्ड. रात्रपाळीला एक सिस्टर, एक अटेंडंट. एका रुग्णाला दर १५ मिनिटांनी पाहून यायची ऑर्डर होती. ०२:४१ ला अटेंडंटला तो जखमी अवस्थेत दिसला. स्वतःच इजा करून घेतली होती. उपचार वेळेत झाले, जीव वाचला, आता प्रकृती स्थिर आहे.

निरीक्षणाच्या तक्त्यावर ०२:३० पर्यंत दर १५ मिनिटांना बरोबरची खूण आहे. कॉरिडॉरच्या कॅमेऱ्यात मात्र ०१:४८ ते ०२:४१ या वेळात त्या खोलीकडे कोणीही गेलेलं नाही.

पहिल्या मसुद्यात असं लिहिलंय : 'ड्युटीवरील सिस्टरने पाहणी न करता खोट्या नोंदी केल्या. मूळ कारण : निष्काळजीपणा. उपाय : संबंधितांना मेमो व सर्व कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण.' समितीने तो परत पाठवलाय, दोषारोप नसलेल्या पद्धतीने लिहा म्हणून. आता 'सिस्टरने'च्या जागी 'कर्मचाऱ्याने' केलं की काम झालं का?

मृण्मयी

नाही. नाव काढलं तरी वाक्य तेच राहतं. तुमच्या मसुद्याची अडचण अशी की चौकशी जिथून सुरू व्हायला हवी तिथेच ती संपली आहे. पाहणी झाली नाही, हे तुम्हाला कळलेलं आहे. ती का झाली नाही हे मसुद्यात कुठेच नाही, 'निष्काळजीपणा' लिहून ती जागा फक्त भरली आहे.

'हलगर्जी', 'दुर्लक्ष', 'अपुरी काळजी' असे शब्द मसुद्यात दिसले की खाली रेघ मारा आणि विचारा : त्या माणसाला त्या क्षणी काय दिसत होतं, काय ऐकू येत होतं, हातात कोणतं काम होतं? माणसाची चूक लिहायला हरकत नाही, पण त्या चुकीच्या आधीचं कारण लिहिल्याशिवाय वाक्य पूर्ण होत नाही. नियम मोडला गेला असेल तर तिथेही हेच.

पहिला प्रश्न साधा आहे. ०१:४८ ते ०२:४१ ती दोघं कुठे होती?

शिशिर

दाखल करायच्या खोलीत. ०१:४५ ला एक नवा रुग्ण आला, खूप अस्वस्थ, हातापायी करत होता. ती खोली कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला आहे. आमच्या एसओपीप्रमाणे अस्वस्थ रुग्णाला दाखल करताना दोन कर्मचारी हजर असणं बंधनकारक आहे. आणि निरीक्षणाच्या एसओपीत लिहिलंय, 'पाहणीत कोणत्याही कारणाने खंड पडू नये.'

पळसपान

मग सोपं आहे. पाच वेळा 'का' विचारा. पाहणी का चुकली? दोघंही दुसरीकडे होते. का? दाखल करायला दोघं लागतात. तिसरं माणूस का नाही? मनुष्यबळ कमी. झालं, मूळ कारण मिळालं. 'मनुष्यबळाचा अभाव' लिहा आणि वर पाठवा.

मृण्मयी

@पळसपान, 'का' विचारत जायचं हे बरोबर. पण एकाच रेषेत खाली गेलात तर एकच कारण हाती लागतं, आणि ते बहुतेक वेळा असं असतं की वाचणारा मान हलवून फाइल बंद करतो. याच दोन माणसांवर वॉर्डाच्या बाकीच्या रात्री पार पडतातच ना? मग त्या रात्री वेगळं काय झालं, ते कारणात यायला हवं.

इथे निदान तीन फांद्या दिसताहेत. एक, दोन एसओपी एकाच वेळी पाळणं त्या दोघांना शक्य नव्हतं. दोन, पाहणी थांबली आहे हे वॉर्डाबाहेर कोणालाच कळायची सोय नव्हती. तीन, तक्त्यावरच्या खुणा. प्रत्येक फांदीचा 'का' वेगळा चालवा.

रानवारा

माझ्या भावाला मागे अशाच वॉर्डात ठेवलं होतं, म्हणून विचारतो. नावं घ्यायची नाहीत, दोष द्यायचा नाही, म्हणजे घरच्यांपासून लपवणंच नाही का हे? आम्ही तक्रार करायची तर कुठे?

निशिगंध

@रानवारा, तुमचा प्रश्न रास्त आहे, पण हा कागद त्यासाठी नसतो. आरसीए हे वॉर्डात काय बदलायचं ते ठरवण्यासाठी असतं. कोणावर कारवाई करायची का, हे ठरवणारी प्रक्रिया वेगळी, तिची माणसं वेगळी. तुमची तक्रार रुग्णालयाच्या तक्रार निवारणाकडे किंवा वैद्यकीय अधीक्षकांकडे लेखी द्या आणि पोच घ्या. आणि घरच्यांना काय घडलं ते पहिल्या दिवशीच सरळ सांगायला हवं. 'रिपोर्ट आल्यावर बोलू' हे उत्तर चालत नाही. जेवढं नक्की माहीत आहे तेवढं सांगायचं, जे शोधतोय ते शोधतोय म्हणायचं, आणि पुन्हा कधी भेटणार ती तारीख द्यायची. घरच्यांकडून टाइमलाइनमध्ये भरही पडते. संध्याकाळच्या भेटीत रुग्ण काय बोलला, हे बहुधा त्यांनाच माहीत असतं.

सरळरेघ

मला हे पटत नाही. पाहणी राहिली, समजू शकतो, दोघंही अडकले होते. पण न केलेल्या पाहणीसमोर खूण करणं ही खोटी नोंद आहे. वैद्यकीय नोंद खोटी करणं हा गैरवर्तनाचा मुद्दा आहे, आणि 'सिस्टीम'च्या नावाखाली तो धुऊन काढायचा असेल तर उद्या कोणीही काहीही भरेल. दोषारोप नको म्हणजे जबाबदारीही नको, असं होत नाही.

मृण्मयी

@सरळरेघ, जबाबदारी नको असं कोणी म्हणत नाही. जाणूनबुजून केलेली इजा, नशेत ड्युटी, गुन्हा, अशा गोष्टी आरसीएच्या बाहेरच काढतात आणि प्रशासनाकडे सोपवतात. प्रश्न एवढाच की हे प्रकरण त्यात बसतं का. ते मतावर ठरवू नये, तपासावं.

अदलाबदलीची कसोटी लावा : त्या सिस्टरच्या जागी तशाच शिक्षणाची, तेवढ्याच अनुभवाची दुसरी व्यक्ती त्याच रात्री असती, तर तिने वेगळं केलं असतं का? याचं उत्तर अंदाजाने द्यायचं नसतं, जुने तक्ते काढून द्यायचं असतं. @शिशिर, मागच्या रात्रींचे तक्ते आणि फुटेज आहे का?

शिशिर

फुटेज १५ दिवसांचंच राहतं, म्हणून लगेच कॉपी करून घेतलं. घटनेच्या आधीच्या १४ रात्री पाहिल्या. त्यातल्या तीन रात्री मध्यरात्रीनंतर रुग्ण दाखल झाले होते. तिन्ही रात्री दाखल करण्याच्या वेळात कॉरिडॉर रिकामा आहे, आणि तिन्ही रात्री तक्ता पूर्ण भरलेला आहे. ड्युटीवर तीन वेगवेगळ्या जोड्या होत्या. हस्ताक्षरं वेगळी, नमुना तोच.

निशिगंध

हे वाचून आश्चर्य वाटलं नाही. तो तक्ता हातात घेऊन बघा. डाव्या रकान्यात ००:००, ००:१५, ००:३० अशा वेळा आधीच छापलेल्या असतात. समोर खूण करायला चौकोन, शेवटी सही. आता सांगा, पाहणी राहिली असेल तर ती राहिली हे लिहायचं कुठे? जागाच नाही. चौकोन रिकामा ठेवला तर सकाळी ओव्हर देताना इन्चार्ज विचारणार, 'हे का रिकामं?' भरलेल्या तक्त्याबद्दल आजवर कोणी कोणाला काही विचारलेलं नाही. म्हणजे खरं लिहिलं तर जाब द्यावा लागतो, आणि भरून टाकलं तर शांतता. असा कागद पाहणी मोजत नाही, कागद पूर्ण आहे की नाही एवढंच मोजतो.

छापील वेळांचा दुसरा तोटा याहून मोठा आहे. पाहणी ठोक्याला होते, आणि जागा असलेला रुग्ण दोन रात्रींत तो ठोका ओळखतो. म्हणून १५ मिनिटांच्या आत कधीही, वेळ बदलत जायचं असतं. पण छापील तक्ता हाताला घड्याळाकडेच ओढतो. वेळेचा रकाना कोरा ठेवून प्रत्यक्ष वेळ हाताने लिहायची, रुग्ण कुठे होता आणि काय करत होता ते दोन शब्दांत लिहायचं ('खाटेवर, जागा, छताकडे बघत'), आणि 'पाहणी झाली नाही, कारण' असा रकाना ठेवायचा.

सरळरेघ

तीन जोड्यांनी केलं म्हणून ते बरोबर ठरत नाही.

निशिगंध

बरोबर ठरत नाहीच. पण चार रात्रींत चार जोड्या तेच करत असतील, तर एका सिस्टरला मेमो देऊन पाचव्या रात्री काय बदलणार?

ओळखीचा_पक्षी

मी सॉफ्टवेअरमधला. आमच्याकडे सर्व्हर पडल्यावर असाच रिपोर्ट लिहितात, 'कोणी केलं' ऐवजी 'सिस्टीमने हे होऊ कसं दिलं'. पण आमच्याकडे लॉग आपोआप लिहिला जातो, त्यामुळे टाइमलाइनवर वाद होत नाही. इथे लॉग लिहिणारा माणूसच घटनेत अडकलेला आहे. मग खरी वेळ कशावरून ठरवता?

मृण्मयी

चांगला प्रश्न. टाइमलाइनमध्ये प्रत्येक ओळीसमोर तिचा पुरावा लिहायचा : कॅमेरा, फोनची नोंद, औषधांच्या कपाटाची नोंद, मुलाखत, तक्ता. दोन पुरावे जुळत नसतील तर दोन्ही लिहायचे, एक खोडायचा नाही. आणि घड्याळं आधी जुळवून घ्यायची. कॅमेऱ्याचं घड्याळ आणि भिंतीवरचं घड्याळ यांत पाच-सात मिनिटांचा फरक असणं नेहमीचं आहे. तो तपासला नाही तर सगळी साखळी चुकीची लागते.

मुलाखती शक्यतो ७२ तासांत, एकेकाच्या, आणि घटनेत असलेली माणसं आरसीए समितीत नकोत. 'तुम्ही का गेला नाहीत?' असं विचारलं की समोरचा बचावावर जातो. '०१:४५ पासून काय काय घडत गेलं ते सांगा' एवढंच म्हणून गप्प राहा. शेवटी एक विचारा, 'एरवी अशा वेळी काय करता?' खरी पद्धत तिथे कळते.

आणि रुग्णाशी कोणी बोललंय का? रुग्ण बरा असेल, त्याची तयारी असेल आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांना योग्य वाटत असेल, तर त्याच्याइतकी माहिती कोणाकडेच नाही.

शिशिर

काल बोललो. त्याचे डॉक्टर सोबत होते, तपशिलात न शिरता फक्त 'त्या रात्री मदत मिळायला काय अडचण आली' एवढंच विचारलं.

त्याने सांगितलं की त्याने बेल दाबली होती.

हे आमच्या कागदात कुठेच नव्हतं. परत फुटेज पाहिलं. ०२:०६ ला त्याच्या दारावरचा लाल दिवा लागतो आणि ०२:४१ ला अटेंडंट आत जाईपर्यंत लागलेलाच आहे. आम्ही सगळे कोणी माणूस दिसतो का तेच बघत होतो, दिव्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. घड्याळाचा फरक तपासला, कॅमेरा चार मिनिटं पुढे आहे. म्हणजे या धाग्यात कॅमेऱ्यावरून दिलेल्या सगळ्या वेळा चार मिनिटांनी मागे घ्या.

मृण्मयी

हे सगळ्यात महत्त्वाचं. आता घटनेची गोष्टच बदलली. आतापर्यंत 'पाहणी चुकली' ही घटना होती. आता दिसतंय की रुग्णाने मदत मागितली आणि ती हाक कोणापर्यंत पोचली नाही.

बेलचं पॅनल कुठे आहे? आवाज कुठपर्यंत जातो?

शिशिर

पॅनल नर्सिंग स्टेशनवर. दाखल करायच्या खोलीचं दार बंद असलं की बझर आत ऐकू येत नाही. आज दुपारी दोघांनी उभं राहून तपासलं, दुपारच्या गजबजाटातही आणि वॉर्ड शांत असतानाही. दार बंद असेल तर अजिबात नाही. आणि अस्वस्थ रुग्ण आत असताना दार बंदच ठेवतात.

पळसपान

एक शंका. संध्याकाळी त्याचा धोक्याचा स्कोअर 'मध्यम' आला होता का? तसं असेल तर चूक मूल्यांकनात आहे. 'तीव्र' आला असता तर सतत नजरेसमोर ठेवला असता.

मृण्मयी

ऑर्डर योग्य होती का हे तपासाच. पण स्कोअरवर भार देऊ नका. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शनात स्पष्ट म्हटलंय की पुढे आत्महत्या किंवा पुन्हा स्वतःला इजा होईल का याचं भाकीत करण्यासाठी असे स्कोअर वापरू नयेत. काय घडलं हे कळल्यावर 'मध्यम' हा शब्द चुकीचा दिसायला लागतो. संध्याकाळी डॉक्टरांसमोर शेवट माहीत नव्हता. त्या वेळी फाइलमध्ये काय होतं तेवढ्यावरच त्यांचा निर्णय तोला. मात्र एक आहे. धोका असलेल्या रुग्णासाठी १५ मिनिटांची पाहणी पुरेसं संरक्षण नसते, दोन पाहण्यांच्या मधला वेळ उघडाच असतो. ही मर्यादा रिपोर्टमध्ये लिहा, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की तक्ता खरा भरला असता तर सगळं टळलं असतं.

शिशिर

कारणांची वाक्यं लिहून बघितली. कशी वाटतात?

१. अस्वस्थ रुग्ण दाखल करताना दोन्ही कर्मचारी लागतात आणि त्या वेळात पाहणी कोणाकडे सोपवायची याची तरतूद नाही. त्यामुळे रात्री रुग्ण दाखल होताना पाहणीत खंड पडण्याची शक्यता वाढते. त्या रात्री सुमारे ५३ मिनिटांचा खंड पडला.

२. बेलचं पॅनल फक्त नर्सिंग स्टेशनवर आहे आणि बंद दारामागे बझर ऐकू येत नाही. त्यामुळे दोन्ही कर्मचारी दाखल करण्याच्या खोलीत असताना रुग्णाची हाक पोचत नाही. त्या रात्री रुग्णाची बेल सुमारे ३५ मिनिटं वाजत राहिली.

३. नोंदवहीच्या अपुऱ्या रचनेमुळे चुकीच्या नोंदी झाल्या.

मृण्मयी

पहिली दोन उत्तम. कारण, त्याचा परिणाम, आणि त्यातून काय घडलं, हे तिन्ही आहे. तिसऱ्यात 'अपुऱ्या' हा तोच जुना शेरा, फक्त माणसाऐवजी कागदावर मारलेला. काय नाही ते लिहा : 'तक्त्यावर राहिलेली पाहणी नोंदवायला जागा नाही आणि रिकाम्या चौकोनाबद्दल विचारणा होते, त्यामुळे राहिलेल्या पाहण्या मागाहून पूर्ण दाखवल्या जातात आणि पाहणी बंद पडते हे वरपर्यंत कळत नाही. आधीच्या १४ पैकी ज्या ३ रात्री मध्यरात्रीनंतर रुग्ण दाखल झाले, त्या तिन्ही रात्री हेच दिसले.'

आणखी एक फांदी राहते. ज्या वस्तूने इजा झाली ती वॉर्डात आली कशी, हे तपासलंय ना? त्याचं चौथं वाक्य हवं.

शिशिर

तपासलंय. तो दुसऱ्या वॉर्डातून बदली होऊन आला होता, सामानाची तपासणी तिथेच झाली असं इथे धरलं गेलं, आणि तिथे वाटलं की इथे होणार. वाक्य लिहितो. वस्तूचं नाव लिहू का?

निशिगंध

मूळ फाइलमध्ये लिहा, कारण दुरुस्ती त्यावरच ठरणार. पण वॉर्डावॉर्डांत शिकण्यासाठी फिरणाऱ्या प्रतीत वस्तू आणि पद्धत दोन्ही नको. तिथे 'बदलीच्या वेळी सामानाची तपासणी कोणी करायची हे ठरलेलं नव्हतं' एवढं पुरे. ती प्रत स्टेशनवर पडून राहते, कोणाच्याही हाती लागते.

उपायांबद्दल. मेमो आणि प्रशिक्षण हे सगळ्यात दुबळे उपाय. त्यांना पूर्ण आधार माणसाच्या आठवणीचा असतो. नवा तक्ता मधल्या ताकदीचा. बेलचा बझर आणि दिवा दाखल करायच्या खोलीत बसवणं भक्कम, कारण त्यासाठी कोणाला काही लक्षात ठेवावं लागत नाही. आणि रात्री रुग्ण दाखल होताना शेजारच्या वॉर्डातून एक माणूस येऊन पाहणी हाती घेईल, असं ठरवा. फोन कोणी करायचा, कोण येणार, तो येईपर्यंत दाखल करणं थांबणार का, हे तिन्ही लिहिलेलं हवं. हातापायी करणाऱ्या रुग्णाला दारात थांबवता येत नाही, तेव्हा तिसरा मुद्दा सोपा नाही.

ओळखीचा_पक्षी

प्रत्येक दारावर टॅग लावून पाहणी करणाऱ्याने स्कॅन केलं तर? खोटी खूण शक्यच नाही.

निशिगंध

माणूस दारापर्यंत गेला एवढं सिद्ध होईल. आत बघितलं का, श्वास चालू आहे का पाहिलं का, ते नाही. घाईत दार स्कॅन करून पुढे जाणं सुरू होतं.

सरळरेघ

तरी वेळ खरी मिळते. ते काही कमी नाही. मी टॅगच्या बाजूने आहे.

मृण्मयी

दोघांचं म्हणणं खरं आहे, खर्च आणि फायदा समितीने बघावा. काहीही निवडलंत तरी मोजणी लिहा. उदाहरणार्थ, दर आठवड्याला २० पाहण्या चिठ्ठीने निवडून फुटेजशी ताडायच्या, तीन महिने. आणि पहिल्या आठवड्यांत 'पाहणी झाली नाही' या रकान्यातले आकडे वाढतील. ते वाढायला हवेत. तो आकडा वाढला म्हणून इन्चार्जने ओरडा केला, तर पुन्हा सगळे चौकोन भरलेले दिसतील.

निशिगंध

त्या सिस्टर आणि अटेंडंटशी कोणी बोलतंय का? मुलाखतीपुरतं नव्हे. त्यांना त्याच वॉर्डात, त्याच रात्रपाळीला लगेच लावू नका, आणि 'सुट्टीवर जा' असंही परस्पर ठरवू नका, शिक्षाच वाटते. विचारून ठरवा. रिपोर्ट वरती जाण्याआधी त्यांना वाचायला द्या. टाइमलाइनमधली चूक त्यांच्या लगेच लक्षात येते.

शिशिर

दिला होता. सिस्टरने एक दुरुस्ती सुचवली : ०२:१५ च्या सुमारास तिने अटेंडंटला पाहणीला पाठवायचा प्रयत्न केला होता, पण रुग्ण पुन्हा उसळला म्हणून तो परत वळला. कॅमेऱ्यात खोलीचं दार उघडून बंद झालेलं दिसतं. टाइमलाइनमध्ये घेतलं.

खोट्या नोंदीचा मुद्दा समितीपुढे वेगळा ठेवतोय, @सरळरेघ. तिथे दोन मतं आहेतच.

सरळरेघ

ठेवा. माझं मत तेच आहे, पण मेमोने काही बदलणार नाही हे मान्य.

निशिगंध

एक राहिलं. समितीचा निकाल यायला महिना-दीड महिना लागेल, बेलसाठी तोवर थांबू नका. आज रात्रीपासून दाखल करताना त्या खोलीचं दार उघडं ठेवणं शक्य नसेल, तर शेजारच्या वॉर्डाला फोन करून एक माणूस तुमच्या नर्सिंग स्टेशनवर बसवा. रात्रीच्या सुपरवायझरचा नंबर दाखल करायच्या खोलीत आतल्या बाजूला लावा, कारण फोन तिथूनच करावा लागणार आहे. त्या खोलीत फोन आहे ना?

शिशिर

नाही. उद्या बसवून घेतो, तोवर अटेंडंटकडे वॉर्डाचा मोबाइल.